आठवड्यातली पाच मिनिटं: अंगावर पाजणाऱ्या आईच्या चेहऱ्यासाठी

बाळ नऊ आठवड्यांचं असताना माझ्या धाकट्या बहिणीने रात्री अडीच वाजता मला स्वतःच्या गालाचा फोटो पाठवला. नाकाच्या दोन्ही बाजूंना पांढरे पापुद्रे सुटलेले, गालाच्या उंचवट्यावर वांगाचे तपकिरी डाग, हनुवटीची कातडी लालसर आणि ताणलेली. खाली एकच ओळ होती: "ताई, आता साधं पाणी लागलं तरी चुणचुणतं."

त्वचारोगाच्या दवाखान्यात मी बरीच वर्षं परिचारिका म्हणून काम करते आहे, आणि असा चेहरा घेऊन येणाऱ्या बाळंतिणी मी पुष्कळ पाहिल्या आहेत. बहुतेकींची गोष्ट सारखीच असते. चेहरा निस्तेज दिसतो म्हणून त्या दिवसातून तीन वेळा फेसाळ फेसवॉश लावतात, पापुद्रे दिसले की दाणेदार स्क्रबने घासतात, डाग दिसले की मिळेल ते सीरम लावतात. हे सगळं तुटक झोपेत, एका हाताने. बहिणीचंही तेच झालं होतं. तिला मी जो बेत आखून दिला, तोच इथे सविस्तर लिहिते आहे. बेताचं मूळ सूत्र इतकंच, की लक्ष देऊन करायचं काम आठवड्यातून एकदाच, घड्याळ लावून पाच मिनिटं. बाकीच्या दिवशी जे करायचं ते अर्ध्या मिनिटात, डोळे मिटत असले तरी जमेल असं.

आत काय चाललेलं असतं

बाळंतपणानंतर वार बाहेर पडली की शरीरातलं इस्ट्रोजेन काही दिवसांतच झपाट्याने खाली येतं. अंगावर पाजत असताना दूध तयार करायला लावणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढलेलं असतं, आणि ते इस्ट्रोजेनला खालीच धरून ठेवतं. त्वचेत पाणी टिकून राहायला इस्ट्रोजेनची मदत होते, त्यामुळे गरोदरपणात तुकतुकीत दिसणारा चेहरा अचानक कोरडा पडतो. भरीला जागरण. त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरात पेशी आणि त्यांच्यामधलं स्निग्ध द्रव्य मिळून एक भिंत तयार झालेली असते. झोप तुटक असली की या भिंतीची डागडुजी हळू होते आणि आतलं पाणी जास्त वेगाने उडून जातं.

याचा अर्थ असा, की चेहऱ्यावर दिसणारे पापुद्रे म्हणजे मळ नव्हे. ती गळकी भिंत आहे. ती घासली की गळती वाढते, आणि मग साधं पाणीसुद्धा झोंबायला लागतं. हे एकदा नीट लक्षात आलं, की निम्मी खरेदी आपोआप थांबते.

तीन वस्तू

पहिली वस्तू म्हणजे सौम्य, कमी फेसाचं आणि बिनवासाचं क्लिन्झर. ते फक्त रात्री वापरायचं, सकाळी नुसतं पाणी पुरतं. दुसरी वस्तू घट्टसर, बिनवासाची क्रीम. तिच्या घटकांत ग्लिसरीन आणि सिरॅमाइड, म्हणजे त्या भिंतीतल्यासारखंच स्निग्ध द्रव्य, असतील तर उत्तम. तिसरी वस्तू सनस्क्रीन, एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त, आणि त्यातला मुख्य घटक झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेलं. वांग असेल तर त्वचेच्या रंगाची छटा असलेलं सनस्क्रीन घ्या. ती छटा आयर्न ऑक्साइडमुळे येते. वांग गडद करण्यात अतिनील किरणांबरोबर डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाचाही हात असतो. नुसतं पांढरं सनस्क्रीन हा प्रकाश पुरेसा अडवत नाही, आयर्न ऑक्साइड अडवतो.

या तिन्हींवर निदान दोन आठवडे थांबा. चौथी वस्तू त्यानंतरची आणि ऐच्छिक: लॅक्टिक अॅसिडचं सीरम, ५ टक्क्यांचं, फार तर १० टक्क्यांचं. वरवरच्या मृत पेशी एकमेकींना चिकटून राहतात त्या हे आम्ल सुटं करतं, म्हणून चेहऱ्याचा खरखरीतपणा कमी होतो. ग्लायकोलिक अॅसिडही हेच काम करतं, पण त्याचा रेणू लहान असल्याने ते आत लवकर शिरतं आणि हळव्या त्वचेला जास्त झोंबतं. म्हणून मी लॅक्टिक निवडते. आपल्या स्नायूंतही लॅक्टिक आम्ल सतत तयार होत असतं. चेहऱ्यावर दोन मिनिटं लावून धुतलेल्या चार थेंबांतून दुधापर्यंत काही पोहोचेल याची काळजी करण्याचं कारण नाही.

नवी कोणतीही वस्तू आधी कानामागे वाटाण्याएवढ्या जागेवर लावून दोन दिवस वाट पाहा. लाल झालं, खाज सुटली किंवा बारीक पुरळ उठलं, तर ती वस्तू तुमच्यासाठी नाही. आधी वर्षानुवर्षं चालत आलेली क्रीमसुद्धा बाळंतपणानंतर सोसत नाही असं होतं, म्हणून जुन्या ट्यूबचीही अशी परीक्षा घ्या.

ती पाच मिनिटं

वार कोणताही चालेल, पण वेळ संध्याकाळची असावी, आणि बाळ दूध पिऊन, ढेकर काढून नुकतंच झोपलेलं असावं. त्यामागे कारण आहे. पाजून झाल्यावर पुढच्या पाजण्याला साधारण सर्वांत जास्त अवकाश असतो, आणि तेवढ्या वेळात चेहऱ्यावर लावलेलं त्वचेत मुरतं. पाजण्याच्या तोंडावर, बाळ रडायला लागलेलं असताना हे सुरू केलंत, तर ओल्या क्रीमच्या गालाला बाळाचा गाल चिकटेल.

पहिलं मिनिट फक्त बघण्याचं. खिडकीजवळ, दिव्याऐवजी दिवसाच्या उजेडात उभं राहून चेहऱ्याचा एक फोटो काढा. संध्याकाळी उजेड नसेल तर फोटो सकाळी काढून ठेवा, पण दर आठवड्याला तीच खिडकी आणि साधारण तीच वेळ असू द्या. वांग इतकं सावकाश बदलतं की आरशात रोज पाहून काहीही कळत नाही, आणि थकलेल्या मनाला रोज ते वाढल्यासारखंच वाटतं. मग हातांच्या पाठी आणि बोटांची पेरं बघा. दिवसातून वीसवीस वेळा धुतलेले हात चेहऱ्याच्या आधी फाटतात.

याच मिनिटात निर्णयही घ्यायचा. चेहऱ्यावर साधं कोमट पाणी लावा आणि मनात दहापर्यंत मोजा. चुणचुणलं, किंवा कुठे कातडी सोललेली, ओलसर, लाल दिसली, तर या आठवड्यात आम्ल नाही. गेल्या २४ तासांत चेहऱ्यावरचे केस काढले असतील किंवा ऊन लागून चेहरा तापला असेल तरीही नाही. अशा आठवड्यात पुढची मिनिटं नुसत्या क्रीमची. याला बेत मोडणं म्हणू नका. बेतात हा फाटा आधीपासून धरलेलाच आहे, आणि पहिले काही आठवडे बहुतेकींना याच फाट्यावर जावं लागतं.

दुसऱ्या मिनिटात चेहरा धुवायचा. पाणी कोमट, गरम नको. क्लिन्झर वाटाण्याएवढं, बोटांच्या टोकांनी फिरवायचं आणि धुऊन टाकायचं. मऊ कापडाने टिपून घ्या, पुसू नका. नाकाच्या कडेचे पापुद्रे नखाने काढण्याचा मोह होतो. तिथे बोट थांबवा, कारण नखाने ओढलेला पापुद्रा शेजारची चांगली कातडीही घेऊन येतो.

तिसरं आणि चौथं मिनिट आम्लाचं. चेहरा पूर्ण कोरडा झाला की तीन-चार थेंब तळहातावर घ्या आणि कपाळ, गाल, नाक असं पातळ पसरा. डोळ्यांच्या भोवती बोटभर जागा, नाकपुड्यांच्या खाचा आणि ओठांच्या कडा मोकळ्या सोडा. मोबाइलवर दोन मिनिटांचा गजर लावा. मनातल्या अंदाजावर जाऊ नका, अर्धवट झोपेत दोन मिनिटांची दहा कधी होतात कळत नाही. हलकी मुंगी चालल्यासारखी जाणीव झाली तर ठीक. आग व्हायला लागली तर गजराची वाट न पाहता लगेच धुवा. दोन मिनिटं झाली की भरपूर पाण्याने चेहरा धुऊन टाका.

बाटलीवर बहुधा लिहिलेलं असतं, की सीरम रात्रभर राहू द्यावं. मी धुवायला सांगते ते दोन कारणांनी. गळक्या भिंतीला दोन मिनिटांचा स्पर्श पुरतो, आणि तासाभराने बाळाचं तोंड तुमच्या गालावर येणार असतं. रात्रभर ठेवल्याने परिणाम थोडा जास्त दिसेल हे खरं आहे, पण या काळात तो थोडा जास्त परिणाम मिळवण्यासारखा नाही.

पाचवं मिनिट क्रीमचं. चेहरा टिपल्यावर किंचित ओलसर असतानाच बोटाच्या एका पेराएवढी क्रीम चेहऱ्याला आणि गळ्याच्या वरच्या भागाला लावा. ओलसर असताना लावली की ते पाणी क्रीमच्या थराखाली अडकतं, कोरड्यावर लावली तर अडकायला पाणीच नसतं. मग तीच क्रीम जाडसर थराने हातांच्या पाठींना, पेरांच्या भेगांना आणि नखांच्या मुळांशी लावा. आणि शेवटच्या वीस सेकंदांत क्रीमची एक ट्यूब जिथे बसून पाजता तिथे ठेवून या, सनस्क्रीन दात घासण्याच्या ब्रशशेजारी ठेवून या. हे वीस सेकंद मला सगळ्यात मोलाचे वाटतात. आठवड्याचे उरलेले सहा दिवस काय होईल हे इच्छाशक्तीवर ठरत नाही, रात्री तीन वाजता हात पोहोचेल त्या अंतरावर ट्यूब आहे की नाही यावर ठरतं.

उरलेले सहा दिवस

सकाळी दात घासल्यावर चेहऱ्यावर पाणी, टिपणं, आणि सनस्क्रीन. तर्जनी आणि मधलं बोट यांवर टोकापासून मुळापर्यंत दोन रेघा काढा, चेहरा आणि मान मिळून तेवढं लागतं. निम्मं लावलं तर ट्यूबवर छापलेलं संरक्षण मिळत नाही. घराबाहेर पडणार नसाल तरीही लावा, विशेषतः खिडकीजवळ बसून पाजत असाल तर. काचेतून यूव्हीबी किरण बहुतांश अडतात, यूव्हीए मात्र बरेच आत येतात, आणि वांगाला तेवढं पुरतं. लॅक्टिक अॅसिड सुरू केल्यावर सनस्क्रीन टाळून चालणारच नाही, कारण अशा आम्लांनी त्वचा उन्हाला हळवी होते आणि तो हळवेपणा वापर थांबवल्यावरही आठवडाभर राहू शकतो. सनस्क्रीनचा कंटाळा येणार असेल, तर आम्लाची बाटली उघडूच नका. आम्लाशिवाय सनस्क्रीन हा बेत पूर्ण आहे. सनस्क्रीनशिवाय आम्ल हा डाग वाढवण्याचा मार्ग आहे.

रात्री एकदा क्लिन्झर आणि क्रीम. डोळे उघडे ठेवणं अशक्य असेल तर क्लिन्झर सोडा, ओल्या बोटांनी नुसती क्रीम लावून झोपा. चेहरा न धुता एक रात्र गेल्याने काही बिघडत नाही. मात्र लंगोट बदलून हात धुतल्यावर दर वेळी हातांना क्रीम लावायची. हातांचं असं आहे, की आठवड्यातून एकदा केलेली काळजी तिथे पुरत नाही, दर धुण्यामागे भरपाई लागते.

बाळ जिथे टेकतं ती जागा

प्रसाधनाबद्दल विचारताना बहुतेक आया "हे दुधात उतरेल का" एवढंच विचारतात. चेहऱ्याला थोड्या प्रमाणात लावलेल्या बहुतेक गोष्टी रक्तात फारच कमी जातात आणि दुधात त्याहून कमी. खरा प्रश्न वेगळा आहे: बाळ ते चाटतं का? तीन महिन्यांचं बाळ खांद्यावर घेतलं की आईची हनुवटी, जबडा, गळ्याची हाडं तोंडात घ्यायला बघतं. शिवाय जी मूठ ते तोंडात घालतं, तिने त्याने आधी तुमचा गाल चोळलेला असतो.

म्हणून एक रेघ मनात आखून घ्या. जबड्याच्या हाडाच्या खाली साधी बिनवासाची क्रीम आणि सनस्क्रीन, याशिवाय काहीही नाही. छातीवर सनस्क्रीन लावलं असेल तर पाजण्याआधी ओल्या कापडाने टिपून घ्या. स्तनाग्र आणि त्याभोवतीचा गडद भाग यांवर सौंदर्यप्रसाधन अजिबात नको, सुगंधी तर नकोच. तिथे भेगा पडल्या असतील तर शुद्ध केलेलं लॅनोलिन चालतं, पण भेगा परत परत पडत असतील तर बहुधा बाळाची पकड बरोबर बसत नसते. ती पकड बघणाऱ्या जाणकार व्यक्तीला दाखवा, मलमाने ते सुटणार नाही. स्तनावर इतरत्र काही लावायची वेळ आलीच, तर पाण्यात मिसळणारी क्रीम घ्या. पॅराफिनचं तेलकट मलम बाळाच्या तोंडात जाण्याचा संभव जास्त असतो.

बाळाच्या गालावर तुमच्या गालाच्या आकाराचं लाल, खरखरीत वर्तुळ उठलं, आणि तेही नेहमी ज्या बाजूला घेता त्याच बाजूला, तर तुमच्याच कशाने तरी ते उठलं असण्याची शक्यता मोठी आहे. नुकतीच सुरू केलेली वस्तू बंद करा आणि तीन दिवस बघा. तरीही कमी झालं नाही तर डॉक्टरांना दाखवा.

जे आत्ता बाजूला ठेवायचं

रेटिनॉल आणि त्याच घराण्यातली ट्रेटिनॉइन, अॅडापलीन ही मलमं मी पाजणं संपेपर्यंत थांबवायला सांगते. त्वचेतून ती फारशी शोषली जात नाहीत, त्यामुळे चुकून एकदोनदा लावलं असेल तर घाबरू नका. पण पाजणाऱ्या आयांमध्ये त्यांचा पुरेसा अभ्यास झालेला नाही, आणि बाळंतिणीच्या कोरड्या चेहऱ्याला ती हमखास सोलतात. तोंडाने घ्यायचं आयसोट्रेटिनॉइन मात्र पाजत असताना घ्यायचंच नाही. हायड्रोक्विनोन वांगावर काम करतं, पण लावलेल्यापैकी मोठा भाग शरीरात शोषला जातो, म्हणून तेही नंतर. तोवर वांगासाठी आणि पुळ्यांसाठी अॅझेलेइक अॅसिड हा पर्याय डॉक्टर सुचवतात. ते फार थोडं शोषलं जातं आणि पाजताना चालतं. पुळ्यांवर बेन्झॉइल पेरॉक्साइडही चालतं, फक्त ते कापडाचा रंग उडवतं, तेव्हा बाळाची रंगीत दुपटी त्यापासून लांब ठेवा.

एका गोष्टीबद्दल मात्र मला आवाज चढवून सांगावंसं वाटतं. घटक न छापलेली, झटपट गोरं करण्याचं आश्वासन देणारी क्रीम घरात आणू नका. अशा क्रीममध्ये पारा सापडल्याच्या घटना जगभर घडलेल्या आहेत. पारा त्वचेतून शरीरात जातो, दुधात उतरतो, आणि आईच्या हातांवरून, उशीवरून, टॉवेलवरून घरातल्या लहान मुलांपर्यंत पोहोचतो. बाळाच्या वाढत्या मेंदूला आणि मज्जासंस्थेला त्याची इजा होते. डब्यावर मर्क्युरी, कॅलोमेल किंवा मर्क्युरस क्लोराइड लिहिलेलं असेल, तर तो डबा लगेच बंद पिशवीत ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. काही क्रीमांत न सांगता तीव्र स्टेरॉइड घातलेलं असतं. आठवड्याभरात चेहरा उजळला आणि क्रीम थांबवताच लाल, पुळ्यांनी भरलेला झाला, तर तसा संशय घ्या.

डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांसाठी मी काहीच सांगितलं नाही, कारण ती बऱ्याचदा पातळ कातडीतून दिसणाऱ्या रक्तवाहिन्यांची आणि सूज-खोलगटपणाच्या सावलीची असतात. क्रीमने कातडी मऊ होते, सावली जात नाही. केस गळतात त्याचंही तसंच. बाळंतपणानंतर साधारण दोन ते चार महिन्यांनी ते पुंजक्याने गळायला लागतात, कारण गरोदरपणात थांबून राहिलेले केस आता एकदम सुटतात. बहुतेकींचे वर्षभरात पूर्वीसारखे होतात.

डॉक्टरांकडे कधी

स्तनाचा एखादा भाग लाल, गरम, दुखरा होऊन ताप आला तर त्याच दिवशी. एखादा तीळ वाढला, रंग बदलला किंवा त्यातून रक्त आलं तर पुढची तपासणी येईपर्यंत थांबू नका. अंगभर प्रचंड खाज सुटून पाणी धरलेले फोड आले तरीही. आणि एक गोष्ट जागरणाच्या नावावर खपून जाते: बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात काहीजणींची थायरॉइड ग्रंथी मंदावते. कोरडी त्वचा, न संपणारा थकवा, इतरांना उकडत असताना वाजणारी थंडी आणि बद्धकोष्ठ हे सगळं एकत्र दिसलं, तर क्रीम बदलत बसू नका. रक्ताच्या तपासणीने ते कळतं.

बहिणीचे आठ आठवडे

पहिल्या आठवड्यात ती पाण्याच्या परीक्षेत नापास झाली, चेहरा लगेच चुणचुणला. स्क्रब, फेसाळ फेसवॉश आणि घरातलं १० टक्क्यांचं ग्लायकोलिक टोनर मी तिला एका पिशवीत भरून माळ्यावर टाकायला लावलं. पाच मिनिटांत फोटो, कोमट पाणी, क्रीम आणि हात, इतकंच. दुसऱ्या आठवड्यात हातांच्या भेगा मिटल्या, कारण पाजण्याच्या खुर्चीच्या हातावर ट्यूब बांधूनच ठेवली होती. तिसऱ्यात नाकाच्या कडेचे पापुद्रे गेले, पण पाणी अजून हनुवटीवर झोंबत होतं. तिने विचारलं, "आता तरी सुरू करू का गं?" मी नको म्हटलं.

चौथ्या आठवड्यात दहा मोजून झाले तरी काही जाणवलं नाही. त्या संध्याकाळी पहिल्यांदा ५ टक्क्यांचं लॅक्टिक अॅसिड लावलं, हनुवटी सोडून, दोन मिनिटं. पाचव्यात बाळाला सर्दी होती, ती सलग दोन तासही झोपली नव्हती. नुसती क्रीम. सहाव्यात पुन्हा आम्ल, आणि त्यानंतर तिच्या लक्षात आलं की दोन दिवस गाल थोडे गुलाबी राहिले. मी सीरमचे थेंब चारावरून दोनावर आणायला सांगितले, सातव्या आणि आठव्या आठवड्यात तो गुलाबीपणा दिसला नाही.

आठव्या आठवड्याचा फोटो आम्ही पहिल्याशेजारी ठेवून पाहिला. कातडी सपाट, लाली नाही, हात नेहमीसारखे. वांगाचे डाग मात्र होते तिथेच, कडा किंचित फिक्या झाल्या असतील नसतील. ते मी तिला आधीच सांगून ठेवलं होतं. वांग बाळंतपणानंतर कित्येक महिन्यांनी आपोआप फिकं होतं, काहींचं वर्ष उलटलं तरी राहतं, आणि तोवर सनस्क्रीनचं काम त्याला आणखी गडद होऊ न देण्याचं. तिने फोटो जपून ठेवले आहेत. बाळ सहा महिन्यांचं झालं की त्याच खिडकीतला फोटो घेऊन ती त्वचारोग तज्ज्ञांकडे अॅझेलेइक अॅसिडबद्दल विचारायला जाणार आहे.